फुल्या आणि रेघा

(विज्ञानाच्या पुस्तकात पेशीविभाजनाची लहान लहान चित्रे असतात. ती एकमेकांसारखी दिसतात, म्हणून अवस्था ओळखताना गोंधळ होतो. ही चित्रे कशी ओळखावीत, ते या पाठात सांगितले आहे. वही आणि लाल व निळी पेन्सिल घेऊन पाठ वाचा.)

कांद्याच्या मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात. मूळ वाढते, तेव्हा या पेशीच्या दोन पेशी होतात. दोन्ही पेशींत पुन्हा सोळा-सोळाच गुणसूत्रे असतात. या विभाजनाला सूत्री विभाजन म्हणतात.

कांद्याच्या फुलात परागकण तयार होतात, तेव्हा मात्र वेगळे घडते. एक पेशी लागोपाठ दोनदा विभागते आणि तिच्या चार पेशी होतात. प्रत्येक पेशीत ८ गुणसूत्रे असतात. हे अर्धगुणसूत्री विभाजन होय. परागाकडून आठ आणि अंडपेशीकडून आठ अशी गुणसूत्रे एकत्र येतात, म्हणून नव्या रोपात ती पुन्हा १६ होतात.

सोळा गुणसूत्रे छोट्या चित्रात काढणे अवघड आहे. म्हणून आपण चारच गुणसूत्रांची पेशी घेऊ. त्यांतील दोन लांब आहेत व दोन आखूड आहेत. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून आले आहे, ते लाल रंगाने काढा. दुसरे वडिलांकडून आले आहे, ते निळ्या रंगाने काढा.

विभाजन सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब नक्कल तयार होते. मूळ धागा आणि नक्कल एका ठिकाणी जोडलेले राहतात. या ठिकाणाला गुणसूत्रबिंदू म्हणतात. त्यामुळे चित्रात गुणसूत्र फुलीसारखे दिसते. फुलीत धागे दोन असले, तरी बिंदू एकच असतो. म्हणून एक फुली म्हणजे एकच गुणसूत्र. बिंदू दुभंगला की दोन्ही धागे सुटतात आणि प्रत्येक धागा स्वतंत्र गुणसूत्र होतो. तेव्हा चित्रात फुलीऐवजी साधी रेघ दिसते. लक्षात ठेवा, मोजताना धागे मोजू नका, बिंदू मोजा.

विभाजनाच्या चार अवस्था आहेत. पूर्वावस्थेत गुणसूत्रे आखूड व जाड होऊन स्पष्ट दिसू लागतात आणि केंद्रकाचे आवरण नाहीसे होते. मध्यावस्थेत गुणसूत्रे पेशीच्या मध्यभागी येतात. पश्चावस्थेत तर्कुतंतू त्यांना दोन टोकांकडे ओढतात. अंत्यावस्थेत दोन्ही टोकांना नवी आवरणे तयार होतात आणि मग पेशी विभागते. ही नावे दोन्ही प्रकारच्या विभाजनांत तीच आहेत. फरक आहे तो फुल्या कशा उभ्या राहतात आणि काय वेगळे होते यात.

आता वहीत सहा वर्तुळे काढा.

चित्र १. मध्यभागी चार फुल्या एकाखाली एक, एकाच रांगेत काढा. येथे कोणीही आपल्या जोडीदाराशेजारी मुद्दाम उभे नाही. ही सूत्री विभाजनाची मध्यावस्था आहे.

चित्र २. दोन्ही टोकांकडे चार-चार रेघा काढा. बिंदू पुढे आणि शेपट्या मागे असल्यामुळे रेघा वाकलेल्या दिसतात. प्रत्येक फुलीचे दोन धागे वेगळे झाले आहेत. ही सूत्री विभाजनाची पश्चावस्था आहे. या वेळी पेशीत एकूण आठ गुणसूत्रे असतात.

चित्र ३. लांब लाल फुलीसमोर लांब निळी फुली काढा आणि आखूड लाल फुलीसमोर आखूड निळी फुली काढा. चारही फुल्या मध्यभागी आहेत, पण जोडीने समोरासमोर आहेत. ही अर्धगुणसूत्री विभाजनाची पहिली मध्यावस्था आहे. या जोड्या त्याआधीच्या पूर्वावस्थेत जुळतात. तेव्हा जोडीदारांच्या धाग्यांचे काही तुकडे एकमेकांत बदलले जातात. आपले चित्र सोपे राहावे म्हणून ही अदलाबदल आपण दाखवलेली नाही.

चित्र ४. एका टोकाकडे दोन फुल्या आणि दुसऱ्या टोकाकडे दोन फुल्या काढा. येथे धागे सुटलेले नाहीत, जोडीदार एकमेकांपासून दूर गेले आहेत. ही पहिली पश्चावस्था आहे. गुणसूत्रांची संख्या निम्मी होते ती याच टप्प्यात.

चित्र ५. मध्यभागी फक्त दोन फुल्या काढा, एक लांब आणि एक आखूड. कोणालाच जोडीदार नाही. ही दुसरी मध्यावस्था आहे.

चित्र ६. दोन्ही टोकांकडे दोन-दोन रेघा काढा. आता फुल्यांचे धागे सुटले आहेत. ही दुसरी पश्चावस्था आहे. दोन विभाजनांच्या मधे गुणसूत्रांची नवी नक्कल होत नाही, म्हणून शेवटच्या चार पेशींत दोन-दोनच गुणसूत्रे उरतात.

चित्र ५ नीट पाहा. मुळातच दोन गुणसूत्रे असलेल्या सजीवाचे सूत्री विभाजनही एका रांगेत दोन फुल्या असेच दिसेल. म्हणून शरीरातील पेशीत किती गुणसूत्रे आहेत, हे प्रश्नात आधी वाचा. तो आकडा माहीत नसेल, तर केवळ चित्रावरून नेहमीच उत्तर देता येत नाही.

आता एक चुकलेले विभाजन पाहू. एका चित्रात डाव्या टोकाकडे तीन फुल्या आणि उजव्या टोकाकडे एक फुली आहे. फुल्या अजून शाबूत आहेत, म्हणून ही पहिली पश्चावस्था आहे. पण लांब जोडीतील दोन्ही जोडीदार एकाच बाजूला गेले आहेत. दुसरे विभाजन अगदी बरोबर झाले, तरी शेवटी दोन पेशींत तीन-तीन आणि दोन पेशींत एक-एक गुणसूत्र येईल. तीन गुणसूत्रांची पेशी दोन गुणसूत्रांच्या पेशीशी एकरूप झाली, तर नव्या जीवाच्या पेशीत चारऐवजी पाच गुणसूत्रे होतील.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. कधी कधी २१ व्या जोडीतील जोडीदार वेगळे होत नाहीत आणि जन्मणाऱ्या बाळाच्या पेशीत ४७ गुणसूत्रे येतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या बहुतेक व्यक्तींच्या पेशींत २१ वे गुणसूत्र असे तीन वेळा आढळते. फ्रान्समधील डॉक्टर जेरोम लजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये ही गोष्ट प्रसिद्ध केली. त्यांनीही सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी गुणसूत्रे मोजूनच हे दाखवले.

शब्दार्थ

हुबेहूब – अगदी तसाच्या तसा
नक्कल – प्रत
दुभंगणे – दोन भाग होणे
शाबूत – न तुटलेला, पूर्ण
तर्कुतंतू – गुणसूत्रांना ओढणारे बारीक धागे
निम्मा – अर्धा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एका फुलीत किती गुणसूत्रबिंदू असतात?
(आ) कांद्याच्या परागकण होणाऱ्या पेशीत किती गुणसूत्रे येतात?
(इ) गुणसूत्रांची संख्या कोणत्या अवस्थेत निम्मी होते?

प्र. २. शरीरातील पेशीत ६ गुणसूत्रे असलेल्या सजीवाची ही चित्रे आहेत. विभाजनाचा प्रकार, अवस्था आणि त्या अवस्थेत काय घडते ते लिहा.
(अ) मध्यभागी समोरासमोर तीन जोड्या.
(आ) दोन्ही टोकांकडे सहा-सहा रेघा.
(इ) दोन्ही टोकांकडे तीन-तीन फुल्या.
(ई) मध्यभागी एका रांगेत तीन फुल्या.

प्र. ३. कारणे द्या.
(अ) चित्र २ मध्ये आठ गुणसूत्रे दिसतात, तरी नव्या पेशींत चारच असतात.
(आ) चित्र ५ ओळखण्यापूर्वी मूळ पेशीतील गुणसूत्रांची संख्या माहीत असावी लागते.

प्र. ४. 'फुली – फुल्या' याप्रमाणे अनेकवचन लिहा : जोडी, शेपटी, पेशी, रेघ.