जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांसाठी दोन पानी टिपण : मातेच्या आहाराचा पुरावा कसा मांडायचा?



गावातल्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीत आपल्यापैकी बरेच जण असतात. गरोदर मातांच्या आहाराचा विषय निघाला की ठराव होतो, "आहार चांगला मिळावा" असं लिहिलं जातं आणि कागद फाईलमध्ये जातो. तो वाचून अधिकाऱ्याला उद्या सकाळी नेमकं काय करायचं हे कळत नाही. ते कळावं यासाठी जे छोटं टिपण लिहितात, त्याला पॉलिसी ब्रीफ किंवा धोरण टिपण म्हणतात. आज एक खरं उदाहरण घेऊन ते कसं लिहायचं ते पाहू.

१. आधी प्रश्न अरुंद करा

आपल्याकडे आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. गरोदर स्त्रिया आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण गरम जेवण मिळतं. "ही योजना चांगली आहे का?" हा प्रश्न टिपणासाठी फार मोठा आहे. "हे जेवण गरोदरपणाच्या कितव्या महिन्यात सुरू व्हायला हवं, म्हणजे बाळाच्या जन्मवजनाला उपयोग होईल?" हा प्रश्न बरोबर. त्याच्या उत्तरावर काहीतरी करता येतं.

२. पुरावा वाचताना पूर्ण आकडा घ्या

या प्रश्नावर मुंबईतच एक मोठा अभ्यास झाला. मुंबई मॅटर्नल न्यूट्रिशन प्रोजेक्ट, म्हणजेच 'सरस' प्रकल्प. डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी त्याचे निकाल २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. झोपडपट्टीतल्या ६,५०० हून अधिक स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले. एका गटाला हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ रोज दिला. दुसऱ्या गटाच्या खाऊत हे पदार्थ कमी पोषण असलेले होते. खाऊ गर्भ राहण्याच्या आधीपासून सुरू केला होता, हे या अभ्यासाचं वेगळेपण.

सगळ्या मातांचा मिळून निकाल असा : पहिल्या गटातल्या बाळांचं वजन सरासरी २६ ग्रॅम जास्त. पण खरा फरक १५ ग्रॅम कमीपासून ६८ ग्रॅम जास्तपर्यंत कुठेही असू शकतो, असं गणित सांगत होतं. शून्य या पट्ट्यात येतं. म्हणून "एकूण फरक सिद्ध झाला नाही" असंच लिहायला हवं.

मग ज्यांनी गर्भ राहण्याआधी किमान ३ महिने खाऊ सुरू केला होता, त्यांचं वेगळं पाहिलं. तिथे फरक ४८ ग्रॅम निघाला, पट्टा १ ते ९६. म्हणजे फायदा दिसतो, पण जेमतेम. त्यातही अगदी बारीक स्त्रियांच्या बाळांत वाढ दिसली नाही. मध्यम आणि चांगल्या वजनाच्या स्त्रियांच्या बाळांत ती साधारण १०० ग्रॅमच्या आसपास होती.

इथेच बहुतेक टिपणं घसरतात. लिहिणारा ४८ उचलतो आणि २६ गाळतो. अधिकाऱ्यासोबतच्या एखाद्या डॉक्टरने मूळ निबंध वाचलेला असला, तर आपलं पूर्ण टिपण पडतं. दोन्ही आकडे लिहा, आधी २६, मग ४८.

३. उलटा वाटणारा पुरावाही शेजारी ठेवा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं की जिथे स्त्रियांमध्ये कुपोषण जास्त आहे, तिथे गरोदर मातांना समतोल ऊर्जा व प्रथिनं देणारा जादा आहार द्यावा. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर अशा आहाराने जन्मवजन सरासरी ४१ ग्रॅमने वाढलेलं आणि मृतजन्म कमी झालेले दिसतात. मुंबईच्या अभ्यासात मात्र बारीक स्त्रियांना फायदा दिसला नाही. भांडण आहे का? पूर्ण नाही. मुंबईचा खाऊ छोटा होता, त्यात भर सूक्ष्म पोषकांवर होता. अंगणवाडीतलं जेवण पूर्ण ताट आहे. अतिशय बारीक स्त्रीला आधी पोटभर अन्नाची गरज असावी, असा अंदाज करता येतो, पण तो 'अंदाज' म्हणूनच लिहा. शहरातला निकाल आदिवासी पाड्यावर जसाच्या तसा लागू होईल असंही म्हणू नका.

४. गावातला आकडा तपासून घ्या

आता आपल्या रजिस्टरकडे या. कमी वजन म्हणजे २,५०० ग्रॅमपेक्षा कमी. नेमकं २,५०० असलं की बाळ 'ठीक'. त्यामुळे काही ठिकाणी २.४ किलोचं बाळही २.५ लिहिलं जातं. ओळखायचं कसं? समजा १०० नोंदींत २.४ किलो ५ वेळा, २.६ किलो ६ वेळा आणि २.५ किलो ३० वेळा आहे. निसर्गात असा डोंगर येत नाही. असं दिसलं तर टक्केवारी देऊ नका. 'वजनं गोल केलेली दिसतात' हेच टिपणात लिहा.

दुसरी गफलत : जेवायला येणाऱ्या आणि न येणाऱ्या मातांची तुलना. येणारी बाई बहुधा अंगणवाडीजवळ राहते, घरून तिला सोडतात, तब्येतही बरी असते. बाळाच्या वजनातला फरक जेवणाचा की या गोष्टींचा, ते सांगता येत नाही.

५. मागणी त्याच टेबलाची करा

जेवणाचा खर्च आणि अंगणवाडी आरोग्य खात्याकडे नाहीत. त्यामुळे "जेवणाचा निधी वाढवा" हे आरोग्य अधिकाऱ्याला लिहून उपयोग नाही. आरोग्य सेविका, आशाताई आणि वजनकाटे मात्र त्यांच्या हातात आहेत. म्हणून मागणी तिथली हवी.

नमुना (पहिलं पान असं दिसावं)

*विषय :* गरोदर मातांचा आहार लवकर सुरू होण्याबाबत.

*मुख्य मुद्दा :* आहार उशिरा सुरू झाल्यास जन्मवजनावर परिणाम कमी राहण्याची शक्यता आहे.

*पुरावा :* मुंबईच्या अभ्यासात एकूण फरक २६ ग्रॅम (सिद्ध नाही). गर्भधारणेआधी ३ महिने आहार सुरू केलेल्यांत ४८ ग्रॅम (पट्टा १ ते ९६). अतिशय बारीक स्त्रियांत वाढ दिसली नाही.

*मर्यादा :* अभ्यास शहरी आहे, आहार खाऊच्या स्वरूपात होता.

*विनंती :* (१) १२ आठवड्यांच्या आत नोंदणी झालेल्या मातेचं नाव आरोग्य सेविकेने त्याच आठवड्यात अंगणवाडी सेविकेला द्यावं. (२) पहिल्या जेवणाच्या दिवशी कितवा महिना होता, हे माता व बाल संरक्षण कार्डावर लिहावं. (३) जन्मवजन गोल न करता ग्रॅममध्ये नोंदवावं.

*तपासणी :* ६ महिन्यांनी पाहावं की पहिल्या तिमाहीत जेवण सुरू झालेल्या माता किती.

पाहा, तीनही विनंत्यांना नवा पैसा जवळजवळ लागत नाही, आणि तिसरी पाळली गेली तरच पुढच्या वर्षी कोणाला खरा आकडा मिळेल.

सरावासाठी : समितीच्या पुढच्या बैठकीआधी आपल्या उपकेंद्रातल्या मागच्या १०० जन्मांची वजनं आरोग्य सेविकेसोबत बसून, नावं न घेता, एका कागदावर मांडा. २.५ वर किती आहेत ते मोजा. टिपणाची पहिली ओळ तिथून सुरू करा.