नोटिशीतली रजा

कळंब, १८ जानेवारी २०२६

चि. सौ. ताईस,


परवा फोनवर तू घाईत होतीस आणि मला धड सांगता आलं नाही. पुण्याच्या शाळेत निवड झाली, जावईबापूंची बदलीही तिकडेच, म्हणजे उमरग्याची नोकरी सोडायची हे ठरलंच. तू म्हणालीस, "राजीनामा मार्चमध्ये देते. तीन महिन्यांपैकी मे महिना सुट्टीतच जाईल आणि उरलेल्यात शिल्लक रजा टाकेन." हे ऐकलं आणि त्या रात्री मला झोप आली नाही. एकतीस वर्षं शाळेच्या कार्यालयात काढलेला माणूस मी, असले राजीनामे किती अडकले ते मोजून ठेवलंय.

खाजगी शाळांच्या सेवाशर्तींची १९८१ची नियमावली तुमच्या कार्यालयाच्या कपाटात असेल. तिच्यातला नियम ४० काढून वाच. कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस, कायम नसलेल्याला एक महिन्याची. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं कोणी वाचत नाही. ज्याला दीर्घ सुट्टी मिळते, त्याने सुट्टीत नोटीस द्यायची नाही, आणि सुट्टीचा एकही दिवस नोटिशीत येईल अशीही द्यायची नाही. शिवाय पहिलं सत्र सुरू झाल्यावर महिनाभर नोटीस देता येत नाही.

आता तुझा हिशोब मांडू. १ मार्चला नोटीस धरली तर ती ३१ मेला संपते आणि उन्हाळी सुट्टी तिच्यात येते. संस्थेचा सचिव ती तशीच परत करू शकतो. मग थांबायचं कधीपर्यंत? शाळा जूनच्या मध्याला उघडणार, त्यापुढचा महिना बंद, म्हणजे जुलैचा मध्य. तिथून तीन महिने मोजले की ऑक्टोबरचा मध्य. यंदा दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे म्हणून ते बसतं तरी. गेल्या वर्षी ती ऑक्टोबरच्या विशीतच होती, तेव्हा चार दिवस उशीर झाला असता तरी दिवाळीची सुट्टी आडवी आली असती. पुण्याची शाळा तुझ्यासाठी ऑक्टोबरपर्यंत थांबणार आहे का?

म्हणून १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल. बरोबर तीन महिने, आणि सुट्टी लागायच्या आत संपतात. तुमच्या शाळेची सुट्टी नक्की कोणत्या तारखेला लागते ते मात्र परिपत्रकात बघून घे.

आता रजेचं. या तीन महिन्यांत रजा मागू नये असं कुठे लिहिलेलं नाही. पण रजा हक्क म्हणून मागता येत नाही, ती मंजूर करणाऱ्याच्या हातात असते, आणि राजीनामा दिलेल्या माणसाच्या बाबतीत तो हात आखडतो. यात दरवेळी द्वेष असतो असं नाही. नोटीस पुरी न करता किंवा तिच्या बदल्यातला पगार न भरता कोणाला सोडलं, तर ती रक्कम शाळेच्या अनुदानातून कापली जाते, हेही त्याच नियमात आहे. त्यामुळे शेवटचे वीस दिवस सलग रजेचा अर्ज आला की मुख्याध्यापकाला ती रजा दिसत नाही, लवकर निघून जाण्याची पळवाट दिसते. मी त्या खुर्चीशेजारी बसलोय, त्याची भीती मला कळते.

मंजूर झालेली रजा ही नोकरीच असते, नोटिशीचे दिवस चालू राहतात. नामंजूर रजेवर गेलीस तर तो दिवस हजेरीपटावर गैरहजर म्हणून लागतो, आणि गैरहजेरीचे दिवस नोटिशीत कमी पडले असं संस्था म्हणू शकते. कमी पडलेल्या दिवसांचा पगार, भत्ते सोडून, भरावा लागतो. मूळ पगार ४५ हजार धरला तर दिवसाला दीड हजार. वीस दिवसांचे तीस हजार झाले. ते भरून लवकर सुटायचं असेल तर तेही करता येतं, पण संस्थेची लेखी परवानगी घेऊन. आणि रजेवर असताना पुण्यात रुजू व्हायचं तर मनातही आणू नकोस. दोन ठिकाणच्या हजेरीपटावर एकच बाई सापडली की पुढचं सगळं बिघडतं.

तुझ्या भावाने पुण्यातली कंपनी सोडली तेव्हा साठ दिवसांच्या नोटिशीत नऊ दिवस रजा घेतली. त्यांच्या एचआरने शेवटची तारीख सरळ नऊ दिवस पुढे ढकलली. कंपन्यांची ही नेहमीची रीत. कुणी तारीख पुढे नेतं, कुणी बिनपगारी धरून शेवटच्या हिशोबातून कापतं, आणि राजीनाम्याआधी मंजूर झालेली रजाही काही जण रद्द करतात. उरलेल्या रजेचे पैसे मिळतात, म्हणून तिथे रजा न घेताच बाहेर पडणं बहुतेकदा फायद्याचं. शाळेत तारीख अशी सरकवता येत नाही, पुढे सुट्टी उभी असते. म्हणून तुला जास्त जपायचंय.

रजा कधी मागायची ते सांगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीची परीक्षा, पर्यवेक्षण, मग उत्तरपत्रिका. तेव्हा मागूच नकोस. एप्रिलच्या सुरुवातीला येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्री यात्रा आहे. दरवर्षीप्रमाणे चुन्याचे खडे वेचायला तू येणारच. त्या दोन दिवसांच्या किरकोळ रजेचा अर्ज आत्ताच, राजीनाम्याआधी, दे. अर्जाच्या दोन प्रती कर आणि एकीवर मुख्याध्यापकांची "मंजूर" सही आणि तारीख घे. नुसतं "बघू" म्हणाले तर ती मंजुरी नव्हे. आमच्याकडे एका बाईंचा अर्ज असाच ड्रॉवरमध्ये पडून राहिला. यात्रेहून परतल्या तर हजेरीपटावर लाल शाईत "गै." त्या एका अक्षरापायी सेवापुस्तकातली नोंद दुरुस्त व्हायला दीड वर्ष गेलं.

राजीनामा मुख्याध्यापकांच्या नव्हे, संस्थेच्या नावे. त्याच्याही दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख. एक संस्थेला रजिस्टर पोस्टाने, दुसरी तुझ्याकडे. १९७७च्या मूळ कायद्यातच तसं सांगितलंय. रजिस्टर आता स्पीड पोस्टात मिसळलंय, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्ट म्हण, त्याला रजिस्ट्रेशनची जोड घे आणि पोचपावती माग. पत्रात "१ फेब्रुवारी २०२६ ते ३० एप्रिल २०२६ ही नोटीस" असं तारखांसकट लिही. नुसतं "तीन महिन्यांनी कार्यमुक्त करावे" लिहिलंस तर ते तीन महिने कधीपासून मोजायचे, ते सचिव ठरवेल.

२६ला पोस्ट बंद, ३१ला शनिवार. येत्या गुरुवारी, २२ तारखेला, पाकीट टाक आणि पावतीचा फोटो मला पाठव.

तुझा,
नाना