बाजार शांत असतानाच नियम लिहून ठेवा

प्रश्न : मार्च २०२०मध्ये बाजार कोसळला तेव्हा माझ्या पतीनं घाबरून सगळे इक्विटी फंड विकून टाकले. नंतर बाजार सावरला, पण पुन्हा पैसे घालायचा धीर झाला नाही. आज आमच्याकडे ४० लाख रुपये आहेत. घरखर्च महिना ६५ हजार. मुलीच्या शिक्षणाला चार वर्षांनी १२ लाख लागतील, निवृत्तीला तेरा वर्षं आहेत. घरासाठी गुंतवणूक धोरण लिहून काढा, असं एकांनी सुचवलं. त्यात नेमकं काय लिहायचं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जानेवारी २०२०मध्ये ४२ हजारांवर गेलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांच्या खाली बंद झाला आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा ४२ हजारांपार गेला. तेव्हा ज्यांनी गरजेपोटी किंवा भीतीपोटी विकलं आणि पुन्हा घेतलं नाही, त्यांचाच तोटा कायमचा झाला. म्हणून कोणता पैसा कधी लागणार, हे आधी लिहा. सहा महिन्यांच्या खर्चाचे ४ लाख आणि मुलीचे १२ लाख बँकेच्या मुदत ठेवीत ठेवा. या रकमेला शेअर बाजार दाखवायचा नाही. उरलेले २४ लाख निवृत्तीचे.

आता जोखमीची मर्यादा. निवृत्तीच्या पैशातले ६० टक्के, म्हणजे १४ लाख ४० हजार, इक्विटीत आणि बाकीचे ठेवींत असतील, तर ४० टक्क्यांच्या पडझडीत सुमारे पावणेसहा लाख कमी दिसतील. हा आकडा दोघांनी कागदावर लिहा. तो वाचूनच झोप उडत असेल, तर इक्विटी आजच कमी ठेवा.

तिसरा भाग नियमांचा. इक्विटीचा वाटा ५० ते ७० टक्क्यांच्या आत राहिला तर काहीच करायचं नाही. बाहेर गेला तर तो पुन्हा ६०वर आणायचा. वरच्या पडझडीत इक्विटी ८ लाख ६४ हजारांवर येईल, ठेवी ९ लाख ६० हजारच राहतील. वाटा ४७ टक्के झाला. म्हणजे ठेवींतून सुमारे २ लाख ३० हजार काढून इक्विटीत घालायचे. सगळे विकत असताना नियम तुम्हाला घ्यायला सांगतो. भीतीच्या दिवशी हे कुणालाच आपणहून सुचत नाही. तेजीत वाटा ७०च्या वर गेला, की हाच नियम विकायला लावतो. तपासणी वर्षातून दोनदा, ठरलेल्या तारखेला करा.

धोरण बदलायचं ते नोकरी किंवा उद्दिष्ट बदललं किंवा आजारपण आलं तरच, आणि तेही ठरवल्यापासून तीस दिवसांनी. बाजार पडला, हे कारण चालणार नाही.

या कागदाला कायद्याचं बळ नाही. एकट्याच्या नावावरचा फंड एकटा माणूस क्षणात विकू शकतो. म्हणून नवा फोलिओ दोघांच्या नावे उघडा आणि व्यवहाराची पद्धत ‘जॉइंट’ निवडा. ‘एनीवन ऑर सर्व्हायव्हर’ निवडलंत, तर एकाची सही पुरते. ‘जॉइंट’मध्ये दोघांच्या संमतीशिवाय पैसे निघत नाहीत.