थांबलेली पाळी आणि ‘नॉर्मल’ रिपोर्ट

मी बालरोगतज्ज्ञ. स्त्रियांच्या मासिक पाळीविषयी मी लेखणी उचलावी याचे आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनींना नवल वाटेल. परंतु ज्या रुग्णेमुळे हा विषय मला नव्याने वाचावा लागला, ती प्रथम माझ्याकडेच आली होती. आणि माझ्याकडून तिची दखल घेतली गेली नव्हती. स्मरणिकेच्या संपादकांनी ‘अनुभवातून काही लिहा’ असे सांगितले तेव्हा तीच आठवली.

देवासकडील एका गावातून आठ दिवसांचे बाळ इंदूरला माझ्याकडे आणले गेले. वजन घटलेले, डोळे खोल गेलेले. आईला दूध मुळीच उतरले नव्हते. मी बाळाला सावरले, छातीशी धरण्याची पद्धत समजावली. चार दिवसांनीही दूध येईना तेव्हा वरचे दूध लिहून दिले. आईला काय झाले होते, हे मी विचारले नाही.

मूल पंधरा महिन्यांचे झाल्यावर लसीसाठी ती पुन्हा आली. वय सत्तावीस, पण मुलाला टेबलावर ठेवून ती लगेच खुर्चीत बसली. चेहरा फिकट, किंचित सुजलेला. सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, अंगावर पाजलं नाही, तरी हिला बाळंतपणापासून पाळी नाही. दिवस गेले म्हणावं, तर तेही नाही.”

सासूबाईंच्या या दोन वाक्यांत निदानाचे अर्धे बीज होते. अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी वर्षभर लांबली तर आपण स्वस्थ राहतो. न पाजणाऱ्या आईची पाळी मात्र साधारण दोन-तीन महिन्यांत परत यावयास हवी. पूर्वी नियमित असलेली पाळी तीन महिने आली नाही की तपासणी सुरू करावी, हा सर्वमान्य नियम. येथे पंधरा महिने उलटले होते.

पहिली पायरी गर्भधारणेची चाचणी. ‘पाळीच नाही तर दिवस कसे राहतील’ हा समज घरोघरी आढळतो आणि तो चुकीचा आहे. स्त्रीबीज पाळीच्या आधी दोन आठवडे सुटते. म्हणून बाळंतपणानंतरची पहिली पाळी न येताच दिवस राहू शकतात. सकाळच्या लघवीची चाचणी नकारार्थी आली तरी शंका असल्यास आठवड्याने पुन्हा करावी, किंवा रक्तातील बीटा-एचसीजी पाहावे. तिच्या दोन्ही चाचण्या नकारार्थी होत्या.

गावच्या डॉक्टरांनी पुढची पावले टाकलेली होती, हे मान्य केले पाहिजे. अशक्तपणा पाहून टीएसएच केले होते, ते २.३, म्हणजे नॉर्मल. पाळी यावी म्हणून मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या सात दिवस, अशा दोनदा दिल्या होत्या. शरीरात पुरेसे इस्ट्रोजेन असेल आणि गर्भाशयाचे अस्तर शाबूत असेल, तर गोळ्या थांबवल्यावर आठवडा-दहा दिवसांत रक्तस्राव होतो. तो एकदाही झाला नाही.

मग मी पंधरा महिने उशिरा तो प्रश्न विचारला. प्रसूतीच्या वेळी वार अडकली होती. हात घालून काढावी लागली, रक्त थांबेना, शुद्ध हरपली, चार बाटल्या रक्त चढवले.

आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीकडे तिला पाठवले. तिच्या मनात दोन शक्यता होत्या. वार काढताना अस्तराला इजा होऊन गर्भाशयाच्या भिंती आतून चिकटल्या असतील, तर पाळी येत नाही. पण अंडाशय आपले काम करीत राहते, त्यामुळे इस्ट्रॅडिऑल ठीक असते आणि दूधही उतरते. दुसरी शक्यता गंभीर होती. प्रसूतीसाठी काढलेले गुह्यभागीचे केस पुन्हा उगवलेच नाहीत, असे तिने विचारल्यावर कळले, आणि पारडे दुसरीकडे झुकले.

आता हॉर्मोनचे रिपोर्ट पाहावेत. एफएसएच ४.१, प्रोलॅक्टिन १.९, टीएसएच पूर्वीप्रमाणेच नॉर्मल, इस्ट्रॅडिऑल १५ पिकोग्रॅम. प्रयोगशाळेने एकाही एफएसएच वा टीएसएचच्या आकड्याखाली लाल रेघ ओढली नव्हती. घोटाळा होतो तो येथेच. अंडाशय थंडावले की पिट्युटरी, म्हणजे पीयूषिका ग्रंथी, त्याला जागे करण्यासाठी एफएसएच वाढवते. दोष अंडाशयाचा असता तर चार आठवड्यांच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्यांत हा आकडा २५ च्या वर, बहुधा ४० च्याही पुढे गेला असता. इस्ट्रॅडिऑल इतके खाली असताना एफएसएच ‘नॉर्मल’ राहते, याचा अर्थ हाक मारणारी ग्रंथीच मुकी झाली आहे. आकडा एकटा वाचू नये, जोडीने वाचावा.

टीएसएचचेही तेच. सोबत फ्री टी-४ मागवले, ते ०.५ निघाले, खालची मर्यादा ०.८. थायरॉईड इतके मंद असताना टीएसएच वाढावयास हवे होते.

केवळ एफएसएच वाढले नाही म्हणून पिट्युटरी नष्ट झाली, असे मात्र समजू नये. अति उपास, झपाट्याने घटलेले वजन, मानसिक ताण यांनीही पाळी थांबते आणि एफएसएच खालीच राहते. पण तेव्हा कॉर्टिसॉल घसरत नाही. प्रोलॅक्टिन वाढलेले असेल तर मार्ग वेगळा. तेथे एमआरआय लिहिण्याआधी रुग्णेच्या पिशवीतील ॲसिडिटीची कॅप्सूल पाहावी. लेव्होसल्पिराइड किंवा डॉमपेरिडोन असलेली निघाली, तर तेच कारण असू शकते. आमच्या रुग्णेचे प्रोलॅक्टिन उलट तळाला होते. दूध का उतरले नाही, याचे उत्तर त्या आकड्यात होते.

गरोदरपणात पिट्युटरी आकाराने वाढते, पण तिचा रक्तपुरवठा त्या प्रमाणात वाढत नाही. प्रसूतीत मोठा रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला की तिच्या पुढच्या भागातील पेशी मरतात. हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ साली याचे वर्णन केले, म्हणून ‘शीहान सिंड्रोम’ हे नाव. नंतर झालेल्या एमआरआयमध्ये ग्रंथीच्या जागी जवळजवळ रिकामी खोबण दिसली.

टी-४ पाहून मी थायरॉक्सिन लिहावयास घेतलेच होते. फिजिशियन मित्राने हात धरला. “आधी सकाळी आठचे कॉर्टिसॉल पाहू.” ते २.१ मायक्रोग्रॅम आले. तीनच्या खालचा आकडा म्हणजे अधिवृक्क ग्रंथीलाही पिट्युटरीचा आदेश मिळत नाही. सोडियम १२७, उभे राहताच रक्तदाब उतरणारा. अशा रुग्णाला थायरॉक्सिन आधी दिले तर उरलेसुरले कॉर्टिसॉलही वेगाने खर्ची पडते आणि रुग्ण धक्क्याच्या अवस्थेत जाऊ शकतो. म्हणून प्रथम हायड्रोकॉर्टिसोन, दिवसाला २० मिलिग्रॅम विभागून, आठवड्याने थायरॉक्सिन. त्याचा डोस ठरवावयाचा तो फ्री टी-४ पाहून, कारण टीएसएच येथे निरुपयोगी. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या सर्वांत शेवटी.

चौथ्या महिन्यात पाळी आली. सासूबाईंनी पेढे आणले आणि विचारले, “आता गोळ्या बंद करायच्या ना?” पाळी गोळ्यांमुळे आली आहे, ग्रंथी परत आलेली नाही, हे समजावण्यास मला अर्धा तास लागला. हायड्रोकॉर्टिसोन जन्मभराचे. ताप आला तर डोस दुप्पट किंवा तिप्पट. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन घेऊन तडक रुग्णालय. तसे हिंदीत लिहिलेले कार्ड तिच्या पर्समध्ये असते.

माझ्या नवजात बाळांच्या केसपेपरवर तेव्हापासून एक ओळ वाढली आहे: ‘प्रसूतीत रक्तस्राव किती? रक्त चढवले काय?’ दूध उतरले नाही अशी तक्रार आली की ती ओळ मी स्वतः भरतो.