मुदत, सवलत आणि नोटीस

देवळाली प्रवरेच्या एका बागाइतदारानें गुऱ्हाळासाठीं लोखंडी काहील करावयास सांगितली व ती १ डिसेंबरास मिळावी असें ठरलें, असें आपण समजूं. तारीख टळली. 'आठ दिवसांनीं देतों,' असें कारागीर म्हणाला. बागाइतदारानें 'बरें' म्हटलें. असें दोनदां झालें. इकडे ऊस तोडणीस आला. आतां त्यानें रागाच्या भरांत करार मोडला, तर तें कायद्यास धरून होईल काय?

भारतीय करार कायदा, १८७२ याचें कलम ५५ सांगतें कीं, मुदत हें कराराचें मर्म असावें असा उभयतांचा हेतु असेल, तर तारीख चुकतांच दुसऱ्या पक्षास करार रद्द करितां येतो. तसा हेतु नसेल, तर करार उभाच राहतो. उशिरामुळें झालेली नुकसानी तेवढी मागतां येते. व्यापारी मालाच्या पुरवठ्यांत न्यायालयें बहुधा मुदतीस मर्म मानितात. परंतु आमच्या बागाइतदारानें दोनदां सवलत देऊन तें मर्म आपल्याच हातानें सैल केलें!

तें पुन्हां घट्ट करण्याचा मार्ग म्हणजे नोटीस. तींत नवी तारीख स्पष्ट असावी, आणि त्या तारखेपर्यंत माल न आल्यास करार रद्द होईल, हेंही स्पष्ट असावें. 'लवकर पाठवा' एवढ्यानें भागत नाहीं. शिवाय मुदत वाजवी हवी. काहिलीचा तळ तयार असून कड्याच बसवावयाच्या राहिल्या असतील, तर थोडे दिवस पुरेत; पत्राच आणावयाचा असेल, तर दोन दिवसांची नोटीस न्यायालयांत टिकणें कठीण.

नोटीस न दिल्यास काय होतें, हें नाशिककडील एका खटल्यांत दिसतें. तो पुरवठ्याचा नसून बांधकामाचा होता, तरी तत्त्व तेंच. नाशिक डाव्या कालव्यावर आळंदी नदीवरून जलसेतु बांधण्याचें काम हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स यांजकडे होतें. जुलै १९५५ पासून बारा महिन्यांची मुदत होती. काम अपुरें राहिलें. सरकारनें २७ ऑगस्ट १९५६ च्या पत्रानें करार रद्द केला, आणि तोही मागील १६ तारखेपासून! सर्वोच्च न्यायालयानें १९७९ सालीं हें रद्द करणें बेकायदा ठरविलें. उशिराबद्दल दंड घेण्याचीं व मुदत वाढविण्याचीं कलमें करारांत होतीं. म्हणून मुदत हें त्याचें मर्म नव्हतें. सरकारनें वाजवी नवी मुदत नोटिशीनें ठरवून द्यावयास हवी होती. तीही चुकली असती, तर करार रद्द करितां आला असता.

नोटिशीची तारीख गेल्यावर काहील दारीं आली, तर बागाइतदारानें ती नाकारावी. अगर घ्यावयाचीच असेल, तर घेतांनाच 'उशिराची नुकसानी मागूं' असें कळवावें. मुकाट्यानें उतरवून घेतली, तर तो हक्कही त्याच कलमान्वयें जातो.