काकांची मचूळ विहीर आणि परासरण दाब

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावी मे महिन्यात विहिरीचे पाणी मचूळ होते. गोड्या पाण्याची पातळी उतरते आणि खाडीचे खारे पाणी जमिनीखालून आत सरकते. या वर्षी काकांनी टीडीएस मीटर बुडवून पाहिला, तर लिटरला 4 ग्रॅम क्षार निघाले. रविवारच्या फोनवर त्यांनी विचारले, "अरे, तुमच्या रायपूरच्या होस्टेलात आरओ मशीन आहे ना? तसलंच स्वयंपाकघरात बसवलं तर चालेल का?" निबंधासाठी मी परासरण दाब हाच विषय घेतला होता, म्हणून म्हटले, हिशेब करून सांगतो.

कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, हे सगळ्यांनी पाहिले आहे. पाणी जाऊ देणारे पण क्षार अडवणारे पटल मध्ये असेल, तर पाणी कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे जाते. हेच परासरण. खारट बाजूवर दाब देत गेलो, तर एका दाबाला हा ओघ थांबतो. त्या दाबाला परासरण दाब म्हणतात. त्याहून जास्त दाब दिला, तर पाणी उलट फिरते, क्षार मागे राहतात आणि गोडे पाणी पलीकडे येते. आरओ म्हणजे एवढेच.

दाब किती, हे व्हान्ट हॉफच्या सूत्रावरून काढता येते:

π = iCRT

विहिरीतले सगळे क्षार मीठच आहे असे धरू. 4 ग्रॅमला 58.5 ने भागले की लिटरला 0.068 मोल येतात. मिठाच्या एका घटकाचे पाण्यात दोन आयन होतात, म्हणून i = 2. R = 0.083 आणि तापमान 300 केल्विन घेतले, तर उत्तर येते सुमारे 3.4 बार. घरगुती मशीनचा पंप साधारण 5 ते 6 बार दाब देतो. 5 हे 3.4 पेक्षा मोठे, म्हणून मी निबंधात लिहून टाकले, "मशीन चालेल."

सरांनी समासात एकच प्रश्न लिहिला: आत शिरलेले पाणी बाहेर पडेपर्यंत तेवढेच खारे राहते का?

राहत नाही. गोडे पाणी निघून जाते, तसे मागचे पाणी अधिक खारे होते. आलेल्या पाण्यापैकी निम्मे गाळून घेतले, तर उरलेल्यात लिटरला 8 ग्रॅम क्षार होतात आणि परासरण दाब 6.8 बारवर जातो. पंप तिथे हरला. फक्त पाव हिस्सा घेतला, तर शेवटी साडेचार बार लागतात, म्हणजे पाणी ढकलायला जेमतेम एक बार उरतो. नळीतून धार नाही, थेंब येणार, आणि तीन हिस्से पाणी वाया जाणार. शिवाय पटलातून थोडे क्षार नेहमीच निसटतात, आणि ते दाबावर फारसे अवलंबून नसते. पाणी मात्र उरलेल्या दाबाच्या प्रमाणात येते. त्यामुळे दाब अपुरा असला, की पाणी कमी येतेच, वर ते खारटही लागते. मशीन झेपत नाही हे ओळखायची हीच खूण. (पटल फाटले तर पाणी खारट लागते, पण धार कमी होत नाही.)

मग समुद्राचे काय? लिटरला 35 ग्रॅम क्षार धरले, तर सूत्राने 30 बार येतात. प्रत्यक्षात ते 27 च्या आसपास असतात, कारण इतक्या दाट द्रावणात आयन एकमेकांना ओढतात आणि समुद्रात मिठाशिवाय इतर क्षारही असतात. तरी 30 बार म्हणजे 300 मीटर उंच पाण्याचा स्तंभ! त्यातही 100 लिटरमधून 40 लिटर गोडे काढले, की उरलेल्या 60 लिटरमध्ये लिटरला 58 ग्रॅम क्षार होतात आणि दाब 50 बारजवळ जातो. म्हणून समुद्राच्या पाण्यावर चालणारे प्रकल्प 55 ते 70 बारवर चालवतात. चेन्नईजवळ मींजूर आणि नेम्मेली येथे रोज 10 कोटी लिटर क्षमतेचे असे प्रकल्प आहेत. तिथून बाहेर जाणारे अतिखारे पाणीही प्रचंड दाबाखाली असते. ते तसेच सोडले, तर पंपाची निम्म्याहून जास्त मेहनत फुकट जाईल. म्हणून आधुनिक प्रकल्पांत तो दाब यंत्राने काढून नव्याने येणाऱ्या पाण्याला देतात. मला सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच वाटली.

पुढच्या रविवारी काकांना सांगितले, "स्वयंपाकघरातलं मशीन घेऊ नका. मचूळ पाण्यासाठी जास्त दाबाचं, 10 ते 15 बारचं मशीन मिळतं, ते वाडीने मिळून घेतलं तर परवडेल. पण त्यातून निघणारं खारं पाणी विहिरीजवळ सोडू नका, नाहीतर तेच परत आत येईल."

काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग वायंगणाच्या बाजूला तरी कसं सोडायचं? तिथं भात आहे." त्या प्रश्नाचे उत्तर अजून माझ्याकडे नाही.