मोहफुलांचा धडा

भामरागडकडच्या एका टोल्यावरील शाळेच्या बाईंची ही गोष्ट. ‘बाष्पीभवन’ची व्याख्या वर्गाला तोंडपाठ होती. पण घरी माडिया बोलणाऱ्या त्या मुलांना अर्थ विचारला की सगळी गप्प.

बाईंनी वहीत दोन रकाने आखले. डावीकडे व्हिडिओत काय दिसेल ते, उजवीकडे काय ऐकू येईल ते. धड्यातली व्याख्या काढून तिथे एकच दृश्य लिहिले: अंगणात वाळत घातलेली मोहफुले. सकाळी टपोरी, काही दिवसांनी सुकलेली.

मोबाईलवरचे चित्रण पाहून एक मुलगी म्हणाली, “बाई, पाणी जमिनीत गेलं.” तिचेही खरेच; फुले मातीवरच होती ना! मग संहितेत नवे दृश्य आले. ताजी फुले स्टीलच्या ताटात, त्यांवर उपडा काचेचा ग्लास, ताट उन्हात. थोड्या वेळाने ग्लासाच्या आतून बारीक थेंब. इथे बाईंनी उजवा रकाना मुद्दाम कोरा ठेवला.

“येर!” मुले ओरडली. येर म्हणजे पाणी.

‘बाष्पीभवन’ हा शब्द त्यानंतर, अगदी शेवटच्या दृश्यात आला.